भोंगवलीत मट्ठ्याचा टोस्ट

माणसाने आयुष्यात एखादी तरी अशी विद्या शिकावी की जिची परीक्षा घेणारा आख्ख्या तालुक्यात कुणी सापडणार नाही. भोरच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवणारे एहसान मुलाणी सर ती शिकले होते. तरुणपणी पुण्यात नोकरी करत असताना संध्याकाळच्या वर्गाला बसून त्यांनी रशियन भाषेचं प्रमाणपत्र मिळवलं होतं. फ्रेंचच्या वर्गाला फी जास्त होती, जर्मनच्या वर्गात पंखा नव्हता, आणि रशियनच्या वर्गात दोन्हीची सोय होती, एवढंच त्यामागचं वैचारिक अधिष्ठान. पुढे सर भोरला आले, प्रमाणपत्र चौकटीत घालून बैठकीत लावलं, आणि त्यानंतरची वीस वर्षं त्यांचा मान त्या खिळ्याला टांगून राहिला. घरी कुणी आलं की सर एखादं वाक्य म्हणून दाखवत. पाहुणा "वा!" म्हणे. वाक्याचा अर्थ "हे टेबल आहे, इवानोव कारखान्यात गेला आहे" असा असला तरी ऐकायला भारदस्त वाटे.

अशा सुखात चाललेल्या संसारात २००१ सालच्या मे महिन्यात भोंगवलीचे मानसिंग शिवतरे उंबरा ओलांडून आत आले. मानसिंग सरांचे शाळासोबती. त्यांचा मुलगा स्वरूप डॉक्टरकी शिकायला कझाकस्तानात करागांदा नावाच्या गावी गेला होता. सहा वर्षांनी तो पदवी घेऊन परत आला आणि सोबत तिथलीच लेना नावाची रशियन बोलणारी मुलगी लग्नाला घेऊन आला, हे सगळ्या भोरला माहीत होतं. नसेल त्याला बिलकीसभाभींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने सांगितलं होतं.

"आरं एहसान, एक काम हाय," खुर्चीत बसता बसता मानसिंग म्हणाले, "चार वळी लिवून पायजेत. रशेनमदी."

सर नाही म्हणायला तोंड उघडणार होते. पण चौकटीतलं प्रमाणपत्र समोरच होतं.

"कसल्या ओळी?"

"त्यांच्यात लग्नात टोस असतो म्हनं."

"टोस्ट? चहात बुडवायचा?" बिलकीसभाभींनी आतून विचारलं.

तो टोस्ट नव्हे, हे सरांनी समजावलं. हातात पेला धरून उभं राहायचं, दोन शब्द शुभ बोलायचे, आणि सगळ्यांनी मिळून प्यायचं, असा तो प्रकार. लेनाची आई गालिनाबाई परवाच विमानाने आली होती. तिने मुलीला पहिलाच प्रश्न विचारला होता, की टोस्ट कोण देणार? अक्षता, मंगलाष्टकं, सगळं छान आहे, पण कुणी उभं राहून माणसासारखे चार शब्द बोललं नाही तर ते लग्न कसलं?

"बाई एकटी हाय रे," मानसिंगांचा आवाज खाली आला. "मालक वारल्याला. एकुलती एक पोर. ती पर्स बगितलीस का तिची? काळी. आल्यापास्नं काखंतनं खाली ठेवली न्हाई. जेवताना मांडीवर, झोपताना उशाला. पोरीचा पासपोर्ट आन दोगींची परतीची तिकिटं हायत तिच्यात. स्वरूप म्हनला, आईला आपलं बरं वाटलं न्हाई तर ती लेनाला परत न्हेल. लेना आईला सोडून न्हाई ऱ्हायची." त्यांनी खुर्ची सरांकडे ओढली. "मला तिला तिच्या भाषेत सांगायचंय, की पोर सुखात ऱ्हाईल. म्या सोता वाचनार."

"मग स्वरूपकडूनच लिहून घे की. त्याला फाडफाड येतं."

"नवरदेवानं सोताचंच कवतिक लिवून बापाला द्यायचं व्हय? आन त्याला कळू बी द्यायचं न्हाई. त्याला न्हाई, लेनाला न्हाई. येकदम द्यायचं."

आता माघार घ्यायची सोय उरली नाही. "वीस वर्षं सांगताय येतं येतं, आता बोला," असं बिलकीसभाभींनी दाराआडून म्हटलेलं मानसिंगांनाही ऐकू गेलं. सरांना खरी धास्ती निराळीच होती. तालुक्यात एकही परीक्षक नव्हता, तिथे आता एकदम तीन येऊन बसले होते, आणि त्यातल्या दोघी तर जन्मापासून ती भाषा बोलत होत्या.

रात्रीचं जेवण न करताच सरांनी जुना शब्दकोश झटकला, पण शब्दकोशात शब्द असतात, रीत नसते. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी एस.टी.डी. बूथवरून पुण्याला आपल्या जुन्या रशियनच्या बाईंना फोन लावला. बाई आता निवृत्त झाल्या होत्या, पण आवाजातली छडी शाबूत होती.

"मुलाणी? शेवटच्या बाकावरचा? बरं, ऐक. टोस्ट आखूड हवा. पाल्हाळ लावलंस तर लोकांचे हात दुखतात. आधी वधूवरांना हाक मार, मग वधूच्या आईला नाव आणि वडिलांचं नाव मिळून. नुसतं गालिना म्हणू नकोस. काय म्हणालास पूर्ण नाव? हां, गालिना पेत्रोव्ना. मग एक साधी, मनातली गोष्ट. मग 'सव्येत दा ल्युबोफ्य', म्हणजे एकमेकांशी सल्लामसलतीने, गोडीने आणि प्रेमाने नांदा. लग्नात ते हवंच. शेवटी 'ज़ा' म्हणून कुणासाठी प्यायचं ते सांग आणि पेला पेल्याला लाव. आवाज झाला पाहिजे, डोळ्यांत बघितलं पाहिजे, आणि पेला मध्येच खाली ठेवायचा नाही. त्यानंतर कुणीतरी 'गोर्का!' ओरडेलच."

"गोर्का म्हणजे बाई, कडू?"

"कडू. पेय कडू लागतंय, तोंड गोड करा, अशी मागणी. मग नवरानवरी सगळ्यांसमोर चुंबन घेतात आणि ते किती वेळ टिकतं त्याचे पाहुणे आकडे मोजतात."

सरांनी बूथच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर भोरचा सभ्य समाज उसाचा रस पीत उभा होता. भोंगवलीची सगळी भावकी, वरच्या आळीच्या म्हाताऱ्या, वेल्ह्याचे पाहुणे, आणि मध्ये स्वरूप... त्यांनी ते चित्र तिथेच पुसलं. 'गोर्का' हा शब्द मानसिंगांच्या कानावरही घालायचा नाही असा निश्चय करून ते घरी आले.

टोस्ट मात्र झकास झाला. सरांनी तो सुवाच्य अक्षरात लिहिला:

Дорогие Лена и Сваруп! Уважаемая Галина Петровна! Сегодня у нас стало одной дочерью больше. Совет вам да любовь! За молодых!

म्हणजे: प्रिय लेना आणि स्वरूप! आदरणीय गालिना पेत्रोव्ना! आज आमच्याकडे एक मुलगी वाढली. गोडीने आणि प्रेमाने नांदा! वधूवरांसाठी! खाली देवनागरीत मानसिंगांसाठी उच्चार लिहिले. रशियनमध्ये 'ओ' लिहितात, पण जोर नसेल तिथे तो 'अ' होतो, म्हणून 'दोरोगिये' न लिहिता 'दरागीये' लिहिलं, 'मोलोदीख' न लिहिता 'मलदीख'. वर जोराच्या अक्षरावर लाल टिंब. सरांना आपलाच अभिमान वाटला. मराठीत आमंत्रणपत्रिकाही एवढ्या आखूड नसतात.

पण भोंगवलीत गेल्यावर त्या आखूडपणावरच बोट ठेवलं गेलं.

"एवढंच?" मानसिंगांचे मेव्हणे कुंडलिकराव वेल्ह्याहून आले होते आणि आल्यापासून लग्नाची सूत्रं कुणी सोपवलेली नसताना हातात घेऊन बसले होते. "आन सरपंचांचं नाव? साखर कारखान्याच्या संचालकांचं? आमचं न्हाई घेतलं तर चालंल." हे शेवटचं वाक्य ज्या आवाजात म्हटलं गेलं त्यावरून अजिबात चालणार नाही हे कळत होतं. मग मंडपवाल्याने सुचवलं की मंडपाचाही उल्लेख व्हावा. शेजारच्या एका मास्तरांनी दोन्ही देशांच्या मैत्रीवर एक परिच्छेद सुचवला आणि तो म्हणूनही दाखवला. सरांनी प्रत्येकाला "बघू" म्हटलं. शिक्षकी पेशात हा शब्द फार उपयोगी पडतो.

मग प्रश्न निघाला पेल्यात काय घालायचं याचा.

"रशेन मान्सं हायत," कुंडलिकराव म्हणाले, "मट्टा पाजनार व्हय त्यास्नी? येल्ह्याकडनं म्या सोय करतो."

"कुंडलिकराव, शुभकार्य आहे," सर म्हणाले. मानसिंगांच्या चुलत्यांच्या पत्नी अंबूबाई, घरात सर्वांत वडील, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मे म्हयना हाय. मट्टाच बरा. पोटाला थंड." तिथे तो विषय संपला, कारण अंबूबाईंच्या पुढे बोलायची रीत त्या घरात नव्हती.

गालिनाबाईंचं गावातलं पहिलं स्वागत आधीच फसलं होतं. कापूरहोळच्या फाट्यावर भावकीने त्यांना गुलाबांचा गुच्छ दिला होता. भारीतला म्हणून मोजून डझनाचा. बाईंनी आभार मानले आणि सगळ्यांच्या देखत त्यातलं एक फूल हळूच उपसून गाडीवाल्याला दिलं. "ह्यास्नी आवडलं न्हाई," असं ठरवून फाट्यावरच सगळ्यांची तोंडं पडली. नंतर लेनाने खुलासा केला, की त्यांच्याकडे जोडीची फुलं कबरीवर ठेवतात, जिवंत माणसाला विषम द्यायची. त्यात आपल्याला काय नवं, आपणही एकावन्न देतो, असं अंबूबाई म्हणाल्या. पण 'रशियन पाव्हनी' गंभीर आहे, हसत नाही, आणि पर्स सोडत नाही, ही वदंता तोवर पार भाटघरपर्यंत गेली होती. तिच्या पुढ्यात गेलेल्या मालकाचा विषय कुणी काढायचा नाही, असं मानसिंगांच्या पत्नी मंगलताईंनी आल्यागेल्याला बजावून ठेवलं होतं. शुभकार्यात बाईच्या जखमेवर कशाला बोट ठेवायचं?

तालमी गोठ्यामागे चालल्या, कारण स्वरूपला कळू द्यायचं नव्हतं. मानसिंग कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरत आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या आवाजात गर्जत: "दरागीये लेना इ स्वरूप!" पहिल्या दिवशी म्हैस दावं तोडून पळाली. तिसऱ्या दिवशी ती नुसती कान हलवू लागली, तेव्हा उच्चार सुधारले असं सरांनी धरलं. भावकीतल्या पुरुषांनाही सरांनी शिकवलं: मानसिंगरावांनी पेला वर केला की आपापला पेला शेजाऱ्याच्या पेल्यावर वाजवायचा, डोळ्यांत बघायचं, मग प्यायचं. स्टीलचे पेले. त्यांना ते फार आवडलं. आदल्या संध्याकाळी आळीत सगळीकडून खण्‌ खण्‌ ऐकू येत होतं.

आणि सगळं जमलंय असं वाटत असतानाच, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, मानसिंग सरांना बाजूला घेऊन गेले.

"एहसान, ह्येच्यात आईचं नाव न्हाई."

मानसिंगांची आई साळूबाई मागल्या वर्षी गेली होती. स्वरूपच्या लग्नाला लुगडं नेसून मिरवायचं म्हणून तिने ते दोन वर्षं आधीच घेऊन ठेवलं होतं. पत्रिकेवर "कैलासवासी साळूबाई यांच्या आशीर्वादाने" सगळ्यात वर छापलं होतं.

"शुभकार्याला आदी तिचं नाव न्हाई घ्यायचं, तर काय उपेग माझ्या बोलन्याचा? पयली वळ आईची. आन आईची घेतली तर थोरल्या चुलत्यांची बी घ्यावी लागंल. आत्या बी. कुंडलिकाचा भाऊ मागं गेला त्यो..."

मानसिंगांनी बोटांवर नऊ नावं मोजली. सरांच्या डोळ्यांपुढे बाई उभ्या राहिल्या: 'पाल्हाळ लावलंस तर लोकांचे हात दुखतात.' नऊ कैलासवासी वाचून होईपर्यंत मट्ठा आंबून जाईल. सरांनी तोड काढली. "आईचं नाव घेऊ, आणि बाकीच्यांना मिळून एकच वाक्य. म्हणजे कुणी रुसायला नको."

"ही लई झ्याक," मानसिंग म्हणाले.

सरांनी शब्दकोश उघडला. 'गेलेल्यांचं स्मरण करणे' यासाठी कोशाने लगेच एक शब्द दिला. सरांनी लिहिलं: Помянем мою мать Салубаи и всех, кого сегодня нет с нами. 'पम्यानिम मयू मात्य साळूबाई इ फ्स्येख, कवो सिवोद्न्या न्येत स्‌ नामी.' माझी आई साळूबाई आणि जे जे आज आपल्यात नाहीत त्या सगळ्यांचं स्मरण करूया. पुण्याच्या बाईंना पुन्हा विचारावं असं त्यांच्या मनात आलं. पण बूथ बंद झाला होता, आणि आईचं नाव घेण्यात चुकणार ते काय?

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या. लेना हिरव्या शालूत सुरेख दिसत होती आणि मंगलाष्टकांतल्या प्रत्येक 'सावधान'ला खरोखरच सावध होत होती. गालिनाबाई निळ्या झग्यात, उन्हाने लाल होऊन, पर्स काखेत दाबून पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. मंगलताईंनी दोनदा खुणेने पर्स मागितली, आत ठेवते म्हणून. बाईंनी दोनदा मान हलवली.

पंगत बसायच्या आधी पेले भरले गेले. मानसिंग ध्वनिक्षेपकापाशी गेले. बेंजोवाला थांबला. सर खांबाशेजारी उभे राहिले आणि ओठांतल्या ओठांत पहिली ओळ पुटपुटू लागले.

मानसिंगांनी पेला आभाळाकडे उचलला. आई वर आहे ना, म्हणून. आणि म्हणाले, "पम्यानिम मयू मात्य साळूबाई..."

स्वरूप खुर्चीतून उठला. लेना उठली. गालिनाबाई उठल्या. तिघांच्याही चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. स्वरूपला बापाच्या तोंडची रशियन ऐकून आश्चर्य वाटायलाही वेळ मिळाला नाही. सहा वर्षांत अंगवळणी पडलं होतं, तसा तो नुसता उभा राहिला आणि खाली बघू लागला.

"...इ फ्स्येख, कवो सिवोद्न्या न्येत स्‌ नामी."

पेला वर गेलेला होता. भावकीला खूण मिळाली होती. कुंडलिकरावांनी शेजाऱ्याच्या डोळ्यांत खोलवर बघून आपला पेला असा हाणला की मट्ठा उडून मिशीवर बसला. मग सगळा मंडप सुरू झाला. खण्‌! खण्‌! खणाखण्‌! मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टीही मारली.

लेना पांढरीफटक पडली. ती नेसलेल्या शालूसकट दोन पावलं धावली आणि सरांच्या कानाशी रशियनमध्ये म्हणाली, "नाही वाजवत! गेलेल्यांसाठी पितात तेव्हा पेले वाजवत नाहीत! उभं राहतात, बोलत नाहीत!"

वीस वर्षांच्या रशियनमध्ये सरांना इतकं लख्ख कधीच काही समजलं नव्हतं. म्हणजे शब्दकोशाने दिलेला शब्द नुसता 'स्मरण' नव्हता. तो उच्चारला की माणसं उठतात आणि मुकाट्याने पितात, आणि तो त्यांनी लग्नात, पहिल्याच वाक्याला, अक्षतांनंतर लगेच ठेवून दिला होता. वर चारशे माणसं ताटं बडवल्यासारखे पेले बडवत होती, एका विधवेच्या तोंडावर. सरांनी गालिनाबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा आखडला होता, आणि हाताची बोटं पर्सच्या बंदावर घट्ट आवळली होती. सरांना तिथेच परतीची दोन तिकिटं दिसली. स्वरूपचा मोडलेला संसार दिसला. स्वतःच्या बैठकीतला रिकामा खिळाही दिसला.

मग काय झालं ते सरांना नंतर नीट सांगता येईना. ते ध्वनिक्षेपकापाशी गेले, मानसिंगांना बाजूला केलं, आणि शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला शांतता करायच्या आवाजात ओरडले:

"थांबा! पेले वाजवू नका! हा घोट गेलेल्यांच्या नावाचा आहे. साळूबाईंच्या. आणि आपापल्या घरातलं जे कुणी गेलं असेल त्यांच्या. उभे राहा. आवाज नको."

हे मात्र भोंगवलीला शिकवावं लागलं नाही. खुर्च्या मागे सरकल्या. चारशे माणसं उभी राहिली. पुरुषांनी टोप्या काढल्या, बायकांनी पदर सावरले. शिट्टी मारणाऱ्याला कुणीतरी टप्पल दिली, तेवढाच आवाज. अंबूबाईंनी पेल्यातले दोन थेंब बोटाने जमिनीवर सोडले, जेवायला बसताना सोडतात तसे, आणि ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "साळू, बग गं." मंडपाची कनात वाऱ्याने हलत होती, ती ऐकू येत होती. सगळे मट्ठा प्यायले.

गालिनाबाईंनी पेला तळापर्यंत रिकामा केला. मग त्या सरांकडे आल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नव्हतं.

"ही सगळी माणसं," त्या रशियनमध्ये सावकाश म्हणाल्या, जशी लहान मुलाशी बोलावी तशी, "माझ्या विक्तरसाठीही उभी राहिली?"

नऊ नावं वाचायचा कंटाळा केला म्हणून एका वाक्यात गुंडाळलेलं ते 'जे जे आज आपल्यात नाहीत' सरांना आठवलं. खोटं बोलावं लागलं असतं तर ते बोललेच असते. पण खोटं बोलायची गरजच नव्हती.

"दा, गालिना पेत्रोव्ना," ते म्हणाले. "विक्तरसाठीही."

"मी आल्यापासून कुणी त्याचं नावच काढलं नाही," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, ह्या लोकांना असं वाटतंय की लेनाला बाप नव्हताच. इतकी चांगली माणसं, आणि त्याच्याबद्दल एक शब्द नाही. मी रोज रात्री विचार करायचे, माझी मुलगी अशा घरात कशी राहील?"

सरांनी ते मराठीत सांगितलं. मंगलताई तोंडाला पदर लावून मटकन खाली बसल्या. "आगं बया, आमी तर तिला वाईट वाटू नये म्हून..." त्या उठल्या आणि गालिनाबाईंचे दोन्ही दंड धरून उभ्या राहिल्या. भाषा नव्हती, म्हणून बरंच झालं.

मानसिंगांच्या हातातला कागद कधीच गळून पडला होता. लाल टिंबं, 'दरागीये', 'मलदीख', सगळं गेलं. ते गालिनाबाईंपुढे हात जोडून उभे राहिले आणि सरळ आपल्या बोलीत म्हणाले, "बाई, तुमच्या मालकांचा फोटू द्या. आईच्या फोटूशेजारी लावतो. आन आज आमच्या घरात येक लेक वाढली. लई काय बोलायला येत न्हाई मला."

सरांनी भाषांतर केलं. "आज आमच्याकडे एक मुलगी वाढली" हे वाक्य त्यांना पाठच होतं. तेवढ्यात वाढप्यांनी पेले पुन्हा भरले. शेवटी सर थोडं उंच आवाजात म्हणाले, "सव्येत वाम दा ल्युबोफ्य! ज़ा मलदीख!" आणि भावकीकडे वळून: "आता वाजवा! हा जिवंत माणसांसाठी आहे!"

असा खणखणाट भोंगवलीत त्याआधी झाला नसावा. गालिनाबाई पहिल्यांदा हसल्या. त्यांच्या रीतीप्रमाणे त्या एकेकाच्या डोळ्यांत बघून पेला लावत निघाल्या: मानसिंग, स्वरूप, अंबूबाई, कुंडलिकराव, ज्यांनी मिशी पुसून घेतली होती. रांग मोठी होती. एका हातात पेला, दुसऱ्या हाताने शेजारणीचा खांदा धरायचा, काखेत पर्स, असं जमेना. बाईंनी जराही न थांबता पर्स काखेतून काढली आणि "धरा" अशा खुणेने मंगलताईंच्या हातात दिली. मंगलताईंनी ती देवाच्या प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली.

रांगेच्या शेवटी पोचल्यावर बाईंनी मट्ठ्याचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "गोर्का!"

"काय म्हनत्यात?" कुंडलिकरावांनी विचारलं.

सरांना सांगावंच लागलं. "कडू म्हणतायत."

आचारी पळी घेऊन बाहेर आला. "कडू? माज्या हातचा मट्टा कडू?"

"तसं नव्हे. वधूवरांनी तोंड गोड करायचं असतं," सर चाचरत म्हणाले. "आपसात. म्हणजे... सगळ्यांच्या समोर... म्हणजे त्यांच्याकडे..."

स्वरूप कानापर्यंत लाल झाला. लेनाने मात्र मान तयारीतच तिरकी केली होती. सरांनी डोळे मिटले.

"मंग त्यात काय लाजायचं?" अंबूबाईंचा आवाज आला. "कडू झालं तर ग्वाड करा. भरवा की येकमेकास्नी जिलबी!"

जिलबीचं ताट पुढे आलं. स्वरूपने लेनाला भरवली, लेनाने स्वरूपला. मंडपात टाळ्या पडल्या. गालिनाबाईंनी क्षणभर विचार केला, मग जिलबीच्या वेढ्यांकडे बघून बोटाने आकडे मोजायला लागल्या. "अजीन! द्वा! त्री!" भावकीने ते लगेच उचललं. पुढचा अर्धा तास भोंगवलीत जो कोणी मट्ठा प्यायला तो "गोर्का!" ओरडला, आणि त्या दोघांना बिचाऱ्यांना इतक्या जिलब्या खाव्या लागल्या की पंगतीत ते नुसते बसून राहिले. आचाऱ्याचा राग गेला. जिलबी संपली.

जेवताना गालिनाबाई सरांच्या शेजारी बसल्या. सरांनी भीत भीत विचारलं, "माझी रशियन फार वाईट आहे का?"

"वाईट? मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "फक्त तुम्ही माझ्या लहानपणच्या रेडिओवरच्या निवेदकासारखे बोलता. असं आता कुणी बोलत नाही. मला फार बरं वाटलं."

हे वाक्य सरांनी घरी जाऊन बिलकीसभाभींना तीनदा सांगितलं. पहिल्या वेळी जसंच्या तसं, नंतर थोडं वाढवून.

पण त्याआधी, ऊन उतरल्यावर, मंडपात पाहुणे पांगले होते. सर निरोप घ्यायला गेले तेव्हा मंगलताई खुर्चीत बसून मोठ्या मोठ्या डोळ्यांनी इकडेतिकडे बघत होत्या. काळी पर्स अजून त्यांच्या मांडीवर होती, दोन्ही हातांत धरलेली.

"सर, आवो, ह्यांची पर्स. दुपारपास्नं धरून बसलीया. उठता बी येईना. कुटं हायत त्या?"

सरांनी मागच्या अंगणाकडे बोट केलं. गालिना पेत्रोव्ना अंबूबाईंच्या समोर पाय पसरून बसल्या होत्या आणि अंबूबाई त्यांच्या हातात बांगड्या भरत होत्या. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि दोघींचंही एकमेकींच्या भाषेवाचून काही अडत नव्हतं. बाई इतक्या रमल्या होत्या, की पर्सची त्यांना आठवणही नव्हती.